अंड्यावर थांबू नका, पाण्यावर पाणी ठेवून दाखवा



घनतेचा पाठ आला की आपण मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवून दाखवतो. प्रयोग चांगलाच आहे, पण त्यातून मुलांना एवढंच कळतं की पाण्यावर वस्तू तरंगते. नदी समुद्राला मिळते तिथे काय होतं, असं विचारलं की उत्तर येतं, "सर, पाण्यात पाणी मिसळतं." माझ्या मते आपला पाठ इथेच अर्धा राहतो.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे एक लिटर गोडं पाणी सुमारे १००० ग्रॅम भरतं, तर समुद्राचं सुमारे १०२५ ग्रॅम. फरक फक्त अडीच टक्क्यांचा! एवढ्याशा फरकाने पाणी पाण्यावर राहतं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

म्हणून एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि अर्धा ग्लास भरा. दुसऱ्या भांड्यातल्या गोड्या पाण्यात निळ्या शाईचे दोन थेंब टाका. चमचा उलटा धरून मिठाच्या पाण्याला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून निळं पाणी अगदी हळू सोडा. निळा थर वरच राहतो. सगळा ग्लास निळा झाला, तर समजा की घाई झाली. दोन्ही पाणी एकाच माठातलं घ्या, नाहीतर एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल की थंड-गरमचा फरक आहे. आणि शेजारी साध्या पाण्यावर निळं पाणी सोडलेला ग्लासही ठेवाच. तिथे असा थर टिकत नाही. मगच मुलं मानतात की करामत शाईची नाही, मिठाची आहे.

आता गोव्याच्या मांडवी नदीकडे या. पावसाळ्यात घाटातून आलेलं गोडं पाणी वरच्या थरातून समुद्राकडे जातं. समुद्राचं जड पाणी मात्र मुखाजवळ तळातून, लाकडात पाचर शिरावी तसं, आत घुसतं. काठावरून बादली टाकली तर वरचंच पाणी हाती लागतं, तळाचं खारेपण कळतच नाही. त्यासाठी वजन बांधलेली बाटली बूच लावून खाली सोडायची आणि तळाशी गेल्यावर दोरीने बूच ओढायचं.

मे महिन्यात मात्र नदीला पाणी फारच कमी. दिवसातून दोनदा येणारी भरती-ओहोटी सगळं ढवळून काढते, आणि वरचं-खालचं खारेपण जवळजवळ सारखं होतं. म्हणजे "मिसळतं" म्हणणारा तो मुलगा मे महिन्यापुरता बरोबरच होता. त्याचं उत्तर चूक म्हणून खोडू नका, "कोणत्या महिन्यात?" एवढंच विचारा.