दुखत नाही, म्हणूनच दाखवा

मधुमेही माणसाला पायावरच्या फोडाबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "बारीकसं आहे, दुखत नाही." माझ्या मते घाई करायला तेवढंच कारण पुरे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. मग चप्पल चावली तरी कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं: बोटं आपोआप झडत नाहीत, न कळलेल्या इजांमुळे जातात.

समजा, चवड्यावर अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आहे आणि त्याच्या मधोमध मसुरीएवढा काळपट ठिपका दिसतो. घरचे म्हणतात, मळ असेल. खरं तर घट्टा बुटात शिरलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला दाबत राहतो. तिथे रक्त साकळतं, तोच हा ठिपका. वरची कातडी अखंड असली तरी खाली जखम झालेली असू शकते. तो घट्टा घरी ब्लेडने तासू नये. कॉर्नची पट्टीही लावू नये, कारण तिच्यातलं आम्ल चांगली कातडीसुद्धा जाळतं आणि बधिर पायाला ते समजत नाही.

डॉक्टर घट्टा तासून खालचं भोक किती खोल आहे ते बघतात, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात. हाडात जंतू शिरले असले तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून एका फिल्मवर निर्धास्त होऊ नये. त्या जागेवरचा भार काढल्याशिवाय नुसत्या मलमाने जखम भरत नाही.

ठिपका, फोड, चिरलेली टाच किंवा चप्पल काढून अर्धा तास झाला तरी न जाणारा लाल वळ दिसला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत पाय दाखवावा. ब्रिटनमधल्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेची मार्गदर्शक सूचनाही अशा रुग्णाला एका कामकाजाच्या दिवसात तज्ज्ञांकडे पाठवायला सांगते. बोट निळं-काळं पडलं, लाली पसरू लागली, घाण वास आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलं ताडून पाहावीत. एक जास्त गरम किंवा सुजलेलं लागलं, तर तीही खूणच.

माझी तक्रार दवाखान्यांबद्दलही आहे. साखरेचा कागद पाहिला जातो, गोळी बदलली जाते आणि रुग्ण मोजे न काढताच बाहेर पडतो. बधिरपणा तपासायला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा आणि दोन-चार मिनिटं लागतात. ती मिनिटं डॉक्टरांनी द्यावीत. त्यांनी विचारलं नाही, तर रुग्णाने रिपोर्ट पुढे करण्याआधी मोजे काढून बसावं.