पिठाचा फोटो पाठवून निकाल मागू नका, आणि देऊही नका



आज थोडं भांडायचंच आहे. आपल्या बायकांच्या ग्रुपवर उन्हाळ्यात रोज एक तरी फोटो येतो. पातेल्यात पांढरं पीठ, वरून काढलेला फोटो, आणि खाली प्रश्न, "आलंय का गं?" मग पाच मिनिटांत पाच निकाल. "नाही आलं, अजून दोन तास ठेव." "चिमूटभर सोडा टाक." "चमचाभर दही घाल." सगळ्या जणी मनापासून सांगतात, पण त्या फोटोत निकाल देण्यासारखं काही नसतंच!

माझं म्हणणं एवढंच आहे. सपाट दिसणाऱ्या पिठाला दोन अगदी उलट कारणं असतात. एक, ते अजून फुगलेलंच नाही. दुसरं, ते फुगून, वेळ उलटून, खाली बसलंय. वरून काढलेल्या फोटोत दोन्ही जुळ्या बहिणींसारखी दिसतात. पण पहिलीला वेळ द्यायचा असतो आणि दुसरीला लगेच तव्यावर घ्यायचं असतं. चुकीच्या पिठाला "अजून ठेव" म्हटलंत, तर तुम्ही ते वाया घालवायला सांगताय.

गेल्या मे महिन्यात आमच्याच घरात हे झालं. ज्यांच्या घरी आंबवलेलं अजिबात चालत नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. आमच्याकडे इडली-डोशाचं पीठ रात्रभर ठेवत नाहीत. सूर्योदयानंतर भिजवायचं, वाटायचं आणि सूर्यास्ताआधी संपवायचं. सोलापूरचा उन्हाळा यासाठी सोयीचा, बाहेर चाळीस-बेचाळीस अंश असताना पीठ पाच-सहा तासांत येतं. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी त्या दिवशी तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथी सकाळी सहाला भिजवली. साडेनऊला वाटून झालं. लवकर यावं म्हणून पातेलं झाकून गच्चीच्या दाराशी उन्हात ठेवलं आणि त्या बाहेर गेल्या. साडेचारला येऊन बघतात तर पीठ सपाट. फोटो ग्रुपवर गेला. उत्तर ठरलेलं, "दोन तास ठेवा." सूर्यास्त सातच्या आत. म्हणजे दोन तासांनी उकडायला घेतलं असतं, तर त्या संध्याकाळी कोणाच्याच ताटात काही पडलं नसतं.

मला त्यांचा फोन आला, "अक्का, काय करू?" मी म्हटलं, फोटो राहू दे, पातेल्याची आतली कड बघ. पिठाच्या वर दोन बोटं उंचीवर सुकत आलेल्या पिठाचा पट्टा होता. मधला भाग कडेपेक्षा थोडा खोलगट. झाकण काढल्यावर नाकात जाणारा आंबट वास. उत्तर मिळालं. पीठ कधीतरी दुपारी त्या पट्ट्यापर्यंत चढलं होतं आणि उतरलं होतं. न आलेल्या पिठाची कड वर स्वच्छ असते, वास कच्च्या डाळीचा येतो आणि चमचा घातला तर आत जाळी नसते.

असं का होतं? डाळीवर आणि तांदळावर असलेले जिवाणू पिठातली साखर खातात, वायू सोडतात आणि आंबटपणाही तयार करतात. सुरुवातीला फुगवण्याचं मोठं काम ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू करतात. तो वायू धरून ठेवते ती उडदाची चिकट, चिवट ओल. पुढे वायू निसटत जातो, आंबटपणा मात्र वाढतच राहतो. म्हणून जास्त आंबट आणि सपाट ही जोडी बहुतेक वेळा बरोबर येते. उन्हात तापलेल्या पातेल्यात हे सगळं भराभर उरकतं.

आता सल्ल्यांकडे. दही घाल म्हणणारीला मी काय सांगू! उडीद द्विदल, त्यात दही आपल्याकडे चालत नाही, हे घरातल्या लहान मुलीलाही माहीत असतं. घाईत आपणच विसरतो. सोड्यानं इडली फुगेल, आंबटपणाही थोडा मरेल, पण जास्त पडला तर साबणासारखी चव आणि पिवळट इडली. आणि पाण्यात थेंब टाकून तरंगतोय का बघ, हा सल्ला तर फारच फसवा. डाळ नुसती नीट वाटून फेसली तरी तिचा थेंब तरंगतो, कारण आत हवा कोंडलेली असते. ती वाटणाची परीक्षा आहे, आंबण्याची नाही. ती वाटल्याबरोबर घ्यावी. डाळीचा थेंब तेव्हाच बुडाला, तर डाळ जुनी आहे किंवा पाणी जास्त पडलंय. मग पीठ दहा तास ठेवलं तरी फुगणार नाही, वायू तयार होऊन उडून जाईल. अशा पिठात खाली पाणी सुटलेलं दिसतं.

खरी परीक्षा हवी असेल तर मी करते ते करा. पीठ कालवून झालं की सरळ भिंतींच्या काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत थोडं पीठ घाला, पातळीवर रबर बांधा, वेळ कागदावर लिहा आणि पेला पातेल्याच्या शेजारीच ठेवा. स्टीलच्या पातेल्यात उंची कळत नाही, पेल्यात कळते. पेल्यातलं पीठ दुपटीच्या जवळ आलं, काचेतून बुडबुडे दिसले, की इडलीपात्र चढवायचं. पेला लहान असल्यानं उन्हात जरा लवकर तापतो, म्हणून त्याचा इशारा मिळाला की पातेल्यातही चमचा घालून जाळी बघावी. डोशाला एवढी वाट बघायची गरज नाही, दीडपट झालं तरी तव्यावर छिद्रं पडतात.

उन्हाळ्यात मीठ मी सुरुवातीलाच घालते, त्यानं वेग थोडा आवरतो. थंडीत शेवटी. डिसेंबरात मात्र आमच्या हिशोबात दिवस पुरत नाही, म्हणून तेव्हा इडली मी करतच नाही. कुणी काही म्हणो.

फोटोवरून एकच गोष्ट खात्रीनं सांगता येते. गुलाबी, केशरी, हिरवे किंवा काळे ठिपके दिसले, तर चव न बघता टाकून द्या. बाकी पिठाचा रंग तुमच्या ट्यूबलाइटचा असतो. फोटो पाठवायचाच असेल तर बाजूनं काढा, रबर दिसू द्या, वाटल्याची वेळ आणि वास कसा येतो ते लिहा. हे नसेल तर उत्तर देणाऱ्या बहिणींनी आधी विचारावं, "कड कशी आहे?" विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

जाऊबाईंच्या पिठाची इडली होणार नव्हती, वायू गेला होता. मी त्यांना दोन मुठी तांदळाचं ताजं पीठ आणि जरा पाणी घालायला सांगितलं, म्हणजे आंबटपणा पातळ होतो. वर टोमॅटो, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालून त्यांनी उत्तप्पे केले. सव्वापाचला पहिला तव्यावरून उतरला, साडेसहाला पातेलं धुऊन पालथं पडलं होतं. ग्रुपवर तेव्हाही कुणीतरी लिहीत होतं, "आलं का गं पीठ?"