घरीच पितो, गाडी चालवत नाही. एवढी काळजी पुरेशी आहे का?

"डॉक्टर, मी बाहेर कधीच पीत नाही. शनिवारी घरीच बसतो, गाडीला हात लावत नाही." हे वाक्य अनेक जण अभिमानाने सांगतात. दारू पिऊन गाडी चालवू नये हे आता बहुतेकांना पटले आहे आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातून एक चुकीचा समजही रुजला आहे, की घरी बसून प्यायले म्हणजे धोका संपला. मला हे पटत नाही. ज्या हातांनी स्टिअरिंग धरणे धोक्याचे आहे, त्याच हातांनी कढई धरणेही धोक्याचेच आहे. आपण पहिल्यावर बोलतो, दुसऱ्यावर बोलत नाही, एवढाच फरक.

दारूने यकृत खराब होते, हे तुम्ही अनेकदा वाचले असेल. त्याला वर्षे लागतात. आज मी एका रात्रीत होणाऱ्या इजेबद्दल लिहितो आहे: भाजणे, पडणे आणि स्वयंपाकघरातली आग.

धोका नेमका कधी असतो?

आधी थोडा हिशोब करू. 30 मिली व्हिस्की किंवा रम, म्हणजे एक छोटा पेग, यात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असते. आपले यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच संपवू शकते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. कॉफीने झोप थोडी उडते, पण तोल आणि निर्णयक्षमता परत येत नाही.

आता समजा, एका गृहस्थांनी रात्री 9 ते 11 या वेळात घरी तीन मोठे पेग घेतले, म्हणजे 180 मिली. हे 60 ग्रॅम अल्कोहोल झाले. ते पूर्ण संपायला 6 ते साडेआठ तास लागणार, म्हणजे पहाटेचे 3 ते साडेपाच वाजणार. शिवाय शेवटचा पेग संपला म्हणून रक्तातले प्रमाण लगेच उतरू लागत नाही. पोटातली दारू रक्तात मिसळायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. म्हणजे "बस झालं आता" म्हणून ग्लास खाली ठेवल्यावरही नशा काही काळ चढतच असते.

आणि नेमके याच वेळी काय होते? भूक लागते. गृहस्थ स्वयंपाकघरात जातात.

कढईतले तेल आणि "दोन मिनिटे"

आपल्या गृहस्थांना पापड तळायचे आहेत. घरातले सगळे झोपले आहेत. त्यांनी कढईत तेल घातले, गॅस मोठा केला आणि तेल तापेपर्यंत दोन मिनिटे सोफ्यावर टेकले. दारूचा मेंदूवर होणारा मुख्य परिणाम गुंगीचा असतो. त्यांचा डोळा लागला.

तेल आधी धूर सोडते. ही शेवटची सूचना असते. शुद्धीवर असलेला माणूस त्या वासाने धावत येतो, प्यायलेला माणूस झोपून राहतो. आणखी तापले की ज्योत न लागताही तेल आपोआप पेट घेते. उजेडाने आणि धुराने जाग आली, तर घाबरलेला माणूस दोनपैकी एक चूक करतो.

पहिली चूक म्हणजे पाणी ओतणे. पाणी तेलापेक्षा जड असते, ते तळाला जाते आणि क्षणात वाफ होऊन फुगते. ती वाफ जळते तेल वर उडवते आणि ज्वाळा छतापर्यंत जाऊ शकते. दुसरी चूक म्हणजे पेटलेली कढई उचलून मोरीकडे किंवा बाल्कनीकडे धावणे. हात थरथरतो, तेल मनगटावर, मांडीवर, पायावर सांडते, मग त्याच तेलावरून पाय घसरतो. भाजणे आणि पडणे एकाच मिनिटात होते.

योग्य कृती साधी आहे. गॅस बंद करा. कढईवर झाकण किंवा मोठे सपाट ताट एका बाजूने सरकवत ठेवा. कढई हलवू नका आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नका, कारण हवा मिळाली की गरम तेल पुन्हा पेटते. बटणापर्यंत हात पोहोचत नसेल किंवा आग कढईबाहेर गेली असेल, तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा.

आग न लागताही धोका राहतो. चहा किंवा डाळ उतू जाऊन ज्योत विझते, पण गॅस चालूच राहतो. आपल्याकडच्या अनेक शेगड्यांमध्ये ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय नसते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद, काहीच करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग 1906 या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा.

गादीवर पडून सिगारेट ओढण्याबद्दलही एवढेच सांगतो: प्यायल्यावर ती हातातून कधी सुटली हे कळत नाही. गादी बराच वेळ धुमसते आणि ज्वाळा दिसण्याआधीच धुरातला विषारी वायू झोपलेल्या माणसाची शुद्ध हरपवतो.

चटका उशिरा का कळतो?

दारूने वेदना बोथट होते आणि हात मागे घेण्याची चपळाई कमी होते. 60 अंशांचे पाणी साधारण 5 सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकते. एरवी तुम्ही पहिल्याच क्षणी हात काढता. प्यायलेल्या माणसाचा हात किंवा पाय तिथेच राहतो. म्हणून तशा अवस्थेत गीझरच्या कडक पाण्याने आंघोळ करणे टाळा.

भाजलेच, तर भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा. घड्याळ लावा, कारण नशेत 2 मिनिटेही 20 वाटतात. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाका. जखम तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रिये भाजली असतील, तर त्याच रात्री रुग्णालयात जा. "फार दुखत नाही" यावर विसंबू नका. दारूने वेदना दबते, आणि फार खोल भाजल्यावर तर मज्जातंतू जळाल्यामुळेच दुखत नाही.

रात्री बाथरूमला जाताना

तोल सांभाळणारे केंद्र लहान मेंदूत असते आणि दारूचा त्यावर थेट परिणाम होतो. दारूने लघवीही जास्त होते, त्यामुळे रात्री उठावे लागते. झोपेतून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पुढे असते ओली फरशी. उभ्याने लघवी करतानाही रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. रक्तदाबाची, झोपेची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल, तर ही शक्यता आणखी वाढते.

पडल्यानंतर घरचे काय म्हणतात? "प्यायलाय, झोपू दे, सकाळी उतरेल." माझ्या मते या सगळ्या विषयातले हे सर्वांत घातक वाक्य आहे. डोक्यात रक्तस्राव सुरू झाला की माणूस बरळतो, उलटी करतो, झोपाळतो. दारूनेही हेच होते. दोन्हींतला फरक घरी बसून कळत नाही, रुग्णालयातही अनेकदा सीटी स्कॅन केल्यावरच कळतो.

म्हणून नियम असा ठेवा: डोक्याला मार लागला आणि माणूस प्यायलेला असेल, तर डॉक्टरांना दाखवायचेच. सतत उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, एका हातापायात कमजोरी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, अथवा हाका मारून, हलवूनही नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब 108 ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, साठी ओलांडलेले आणि अनेक वर्षे रोज पिणारे यांच्यात लहानशा मारानेही रक्तस्राव होतो, कधी कधी काही दिवसांनी. गाडीची वाट पाहताना मानेला मार लागल्याची शंका असेल तर त्यांना हलवू नका. पण उलटी होऊ लागली, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. आणि डॉक्टरांना किती व कधी प्यायले ते खरे सांगा. भूल देताना ही माहिती लागते.

पहिल्या पेगच्या आधीची पाच कामे

नशा चढल्यावर घेतलेला निर्णय भरवशाचा नसतो. म्हणून काळजी आधी घ्यायची.

1. जेवण आधीच तयार करून टेबलावर ठेवा. चखणाही तळलेला नको; फुटाणे, काकडी, शेंगदाणे चालतात.
2. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करा. त्यानंतर गॅस लागलाच, तर न प्यायलेली व्यक्तीच पेटवेल.
3. बाथरूमची फरशी पुसून कोरडी करा, वाटेतल्या चपला आणि वायर उचला, एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा.
4. पाण्याची बाटली उशाशी ठेवा. रात्री उठताना पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा आणि लघवी बसूनच करा.
5. गच्चीच्या कठड्यावर बसणे, स्टुलावर चढणे, तान्ह्या बाळाला उचलून घेणे आणि झोपेची गोळी घेणे, हे त्या रात्री वर्ज्य.

अजिबात न पिणे सर्वांत सुरक्षित, यात वाद नाही. पण रोज पिणाऱ्यांनी हे वाचून उद्यापासून एकदम बंदही करू नये. हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असा त्रास दोन-तीन दिवसांत सुरू होऊ शकतो. त्यासाठी औषधे आहेत, आधी डॉक्टरांना भेटा.

एक विनंती घरातल्या न पिणाऱ्यांनाही. रात्री 12 वाजता "मी करतो ना ऑम्लेट" असे कोणी म्हणाले, तर वाद घालू नका, तुम्ही स्वतःला दोषही देऊ नका. रेग्युलेटर बंद असेल आणि टेबलावर पोळी-भाजी झाकून ठेवलेली असेल, तर बहुतेक वेळा माणूस तेच खातो आणि झोपतो.