शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर

फेब्रुवारी उजाडला की निफाड तालुक्यात दोन गोष्टींची एकाच वेळी लगबग सुरू होते. एक द्राक्षांच्या तोडणीची आणि दुसरी बोर्डाच्या परीक्षांची. गोदाकाठच्या सायखेड्यातही ज्या रस्त्याने द्राक्षांचे क्रेट भरलेली वाहने जातात, त्याच रस्त्याने मुले परीक्षेला निघालेली असतात. त्यांतील कित्येकांनी घाईत डबा घेतलेला नसतो. पेपर सुटल्यावर ती शाळेच्या उपाहारगृहासमोर उभी राहतात, तेव्हा समोर दिसतात ते कढईतून नुकतेच काढलेले वडे, वेफर्सची पाकिटे आणि रंगीत थंड पेयांच्या बाटल्या. तालुकाभर पिकणारे द्राक्ष मात्र तिथे औषधालाही सापडत नाही.

अशा वेळी सायखेड्यातील एखादा पालक वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहावयास बसला आहे, अशी कल्पना करावी. हा पालक किराणा व्यापारी आहे आणि त्याची कन्या दहावीला आहे. संतापाच्या भरात त्याने पहिला मसुदा लिहिला: ‘परीक्षेच्या तोंडावर मुलांना तळलेले पदार्थ आणि साखरेची पेये विकली जातात. याकडे कोणाचेच लक्ष नाही काय?’ हा प्रश्न रास्त आहे. तथापि असे पत्र छापून आले, तरी चार दिवसांत विसरले जाते. कारण ‘कोणाचेच’ या शब्दात उत्तर देण्यास बांधलेली एकही व्यक्ती सापडत नाही.

पत्राचा भर परीक्षेवर आहे, म्हणून प्रथम तेच तपासून पाहावे. एका वड्याने गुण घटतात, असे म्हणणे टिकणारे नाही, आणि मुख्याध्यापक ते एका वाक्यात खोडून काढतील. टिकणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत. तीन तासांच्या पेपरापूर्वी खारट, तेलकट खाल्ले की तहान लागते आणि पोट जड होते. त्याहून मोठी जोखीम तेलाची आणि उघड्यावर ठेवलेल्या पदार्थांची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळपट व दाट होते, त्यावर फेस धरतो आणि मंद आचेवरही धूर निघू लागतो. अशा तेलातील बिघडलेल्या घटकांचे, म्हणजे पोलर संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. पोट बिघडून एक पेपर हुकला, तर वर्षाची मेहनत पणाला लागते.

साखरेचा हिशेब तर बाटलीवरच छापलेला असतो. गोड थंड पेयात दर १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, चहाचे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी जी उत्तम मर्यादा सुचवली आहे, ती २,००० कॅलरीच्या आहारात दिवसाला सुमारे २५ ग्रॅम येते. एका बाटलीतच दिवसाचा वाटा संपतो. हे मात्र परीक्षेच्या दिवशी जितके खरे, तितकेच जुलैतल्या साध्या दिवशीही खरे आहे. येथेच पहिल्या मसुद्यातील उणीव दिसते. केवळ परीक्षेच्या दिवसांविषयी विचारले, तर उरलेल्या वर्षाला नकळत संमती दिल्यासारखे होते.

वस्तुतः नियम वर्षभराचा आहे. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्येच वेफर्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर, केक अशा पदार्थांना शाळांच्या उपाहारगृहांत मनाई केली आणि त्याऐवजी पोळी-भाजी, डाळ-भात, पुलाव, इडली यांसारखे पदार्थ सुचवले. देशपातळीवरील नियमाची मुळे त्याआधीची आहेत. शाळांत व शाळांभोवती असे पदार्थ विकले जाऊ नयेत, यासाठी उदय फाउंडेशन या संस्थेने २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. मार्च २०१५ मध्ये तिचा निकाल लागला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने शाळकरी मुलांच्या आहाराविषयीचे विनियम अधिसूचित केले आणि जुलै २०२१ पासून ते लागू झाले.

या विनियमांतील तीन गोष्टी पत्रलेखकाच्या कामाच्या आहेत. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात मुलांना विकता येत नाहीत, तसेच फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आतही विकता येत नाहीत. उपाहारगृह शाळा स्वतः चालवीत असेल किंवा ठेकेदाराकडे दिले असेल, तरी तेथे अन्न पुरवणाऱ्याकडे अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी अथवा परवाना असल्याची खात्री करणे ही शाळेची जबाबदारी आहे. आणि असे पदार्थ येथे विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये, असा फलक प्रवेशद्वाराशी लावावा लागतो. म्हणजे ‘कोण लक्ष देणार’ याचे उत्तर कागदावर तयार आहे. नियमाचे एक दुबळे अंगही जाणून घेतले पाहिजे. ‘जास्त’ म्हणजे नेमके किती ग्रॅम, हा आकडा त्यात ठरवून दिलेला नाही. म्हणून समोशावर वाद घालता येतो. बाटलीवर छापलेल्या साखरेवर तसा घालणे अवघड जाते.

मग नियम असूनही विक्री का चालते? व्यापारी वाचकांना याचे उत्तर हिशेबाच्या वहीत चटकन सापडेल. समजा, ठेकेदार वर्षाला ६०,००० रुपये देऊन उपाहारगृह चालवतो आणि शाळेचे दिवस २०० धरले. म्हणजे रोज ३०० रुपये केवळ जागेचे निघाले पाहिजेत. एका वड्यामागे ३ रुपये सुटत असतील, तर पहिले १०० वडे जागेपोटीच जातात. पाकिटबंद माल महिनोन्‌महिने टिकतो आणि उरला तर परतही देता येतो. केळी व द्राक्षे मात्र संध्याकाळपर्यंत खपली नाहीत, तर तोटा त्याच्याच अंगावर पडतो. परीक्षा केंद्रावर बाहेरगावची मुले येतात, तेव्हा गर्दी वाढते आणि वर्षाची तूट भरून काढण्याचे हेच दिवस असतात. जास्तीत जास्त रक्कम देणाऱ्यास ठेका द्यावयाचा आणि पुन्हा त्याच्याकडून सकस आहाराची अपेक्षा करावयाची, हा ताळेबंद जुळत नाही. म्हणून खरा प्रश्न कढईपाशी नाही, ठेक्याच्या कागदात आहे. त्या करारात कोणते पदार्थ विकावयाचे याची यादी जोडलेली आहे काय, आणि ती मोडल्यास ठेका रद्द करण्याचे कलम आहे काय?

येथवर आल्यावर त्या पालकाने दुसरा मसुदा लिहावयास घेतला आणि त्याचा हात थबकला. ५० मीटर म्हणजे प्रौढ माणसाची सुमारे ६५ ते ७० पावले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शाळेच्या फाटकापासून पावले मोजली. त्याच्या स्वतःच्या दुकानाची पायरी पंचावन्नाव्या पावलाला लागली. दर्शनी भागात दोरीला टांगलेली पाच-दहा रुपयांची पाकिटे होती आणि शेजारी थंड पेयांचे कपाट. मधल्या सुट्टीत तिथे येणारी गिऱ्हाइके शाळेचीच होती.

पहिला विचार मनात आला तो पत्र फाडून टाकण्याचा. दुसरा आला पळवाटेचा: दुकानात बटाट्याचे वेफर्स नाहीत, सारा माल ‘जैन’ लिहिलेला आणि हिरव्या ठिपक्याचा आहे. हा गैरसमज अनेक घरांत आढळतो. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. ‘जैन’ हा शब्द त्यात कंदमूळ नसल्याचे सांगतो. मीठ, साखर आणि तेल किती आहे, हे दोन्ही खुणा सांगत नाहीत. ते पाकिटाच्या मागील बाजूच्या तक्त्यातच पाहावे लागते, आणि तेथील आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, हेही पाहावे लागते. केळ्याचे वेफर्ससुद्धा तेलातच तळलेले असतात.

अखेर त्याने पत्र फाडले नाही. दर्शनी दोरी उतरवली. पेयांचे कपाट आत सरकवले आणि शाळेच्या वेळेत मुलांना त्यातील माल द्यावयाचा नाही, असे नोकराला बजावले. दोरीच्या जागी भाजके शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि मोसमापुरती धुतलेल्या द्राक्षांची छोटी पुडकी आली. राजगिऱ्याच्या लाडवातही गूळ असतो, हे तो जाणून होता; म्हणून त्याने तो लहान आकाराचाच मागवला. पहिल्या आठवड्यात गल्ल्यात घट दिसली, ती त्याने वहीत तशीच मांडली. मग पत्र पूर्ण केले:

‘संपादक महाशय यांस, स. न. वि. वि. शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ मुलांना विकण्यास २०२१ पासून मनाई आहे. आमच्या परिसरातील शाळांत परीक्षेच्या काळातही त्यांची विक्री सुरू आहे. तीन प्रश्नांची उत्तरे संबंधितांनी द्यावीत. शाळांच्या प्रवेशद्वाराशी नियमाचा फलक आहे काय? उपाहारगृहाच्या करारास पदार्थांची यादी जोडली आहे काय? अन्न व औषध प्रशासनाने येथील उपाहारगृहांची शेवटची तपासणी केव्हा केली? माझे दुकान या मर्यादेत येते. मी माझ्यापुरती विक्री थांबवली आहे. कळावे.’

या पत्रात एकही विशेषण नाही, एकाही शाळेवर आरोप नाही. परंतु प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारे एक टेबल आहे. पहिले मुख्याध्यापकांचे, दुसरे शाळा चालवणाऱ्या संस्थेचे, तिसरे जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे. उत्तर न आल्यास पुढची वाटही मोकळी आहे. अनुदानित शाळेकडे माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून कराराची प्रत मागता येते आणि तिचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते. ठेका बहुधा वर्षाचा असतो आणि नवा करार जूनपूर्वी होतो. म्हणून फेब्रुवारीत लिहिलेल्या पत्राचे फळ मार्चच्या पेपरांना मिळाले नाही, तरी मे महिन्यात होणाऱ्या कराराला मिळू शकते. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तेव्हा एवढेच सुचवावे, की जागेचे भाडे कमी घ्यावे आणि पदार्थांची यादी करारास जोडावी.

भाड्यात सोडलेले ते काही हजार रुपये शाळेच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला कमी दिसतील. परंतु ते कोणाच्या खात्यावर जमा झाले, हे पालकांना ठाऊक असेल.