‘पुढील सूचनेपर्यंत’ ही सूचना नव्हे

२३ सप्टेंबर २०२५ च्या पहाटे कोलकात्यात आभाळ फाटलं. काही तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, लोकल आणि मेट्रो कोलमडल्या, साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून माणसं गेली. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका ऑफिसचं प्रशासन माझ्याकडे आहे. सकाळी सात वाजता मी स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाकली : ‘आजपासून पुढील सूचनेपर्यंत सर्वांनी घरून काम करावे.’ पहिलं उत्तर गडियात राहणाऱ्या सहकाऱ्याकडून आलं : ‘दादा, कारेंट नेई.’ म्हणजे वीजच नाही.

त्या दिवसापुरती ती ओळ ठीकच होती. बुडत्या शहरात मसुदा घासूनपुसून लिहीत बसायचं नसतं. पण पुढची सूचना काढायची मी विसरलो. पूजेची सुट्टी संपल्यावर अर्धी माणसं ऑफिसात आणि अर्धी घरी, आणि दोन्ही बाजू माझाच मेसेज पुरावा म्हणून दाखवत होत्या. अशात कंपनीने आठवड्याचे दोन दिवस घरून काम नियमाने सुरू करायचं ठरवलं. ती घोषणा कशी करायची यावरून आमच्यात जो वाद झाला, तो इथे मांडतो.

समोरच्यांचं म्हणणं असं : एक ओळ पुरे. कारणं दिली की वाद सुरू होतात. अपवाद लिहिले की प्रत्येकाला आपण अपवाद आहोत असं वाटू लागतं. आणि सवलत द्यायचीच तर उद्यापासून द्या, लोक खूशच होतील. हे म्हणणं मूर्खपणाचं नाही. लांबलचक परिपत्रकं कोणी वाचत नाही, हे मीही रोज पाहतो. तरीही तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

आधी कारण. आमचं खरं कारण होतं जागा. भाडेकरार संपल्याने दोनपैकी एक हॉल सोडावा लागणार होता. रिसेप्शन, रोकड, डाक वगळता माणसं ६०, त्यांच्यासाठी उरलेल्या खुर्च्या ४०. घोषणेच्या पहिल्या मसुद्यात मात्र ‘कर्मचाऱ्यांची प्रवासाची दगदग वाचावी म्हणून’ असं छान वाक्य होतं, आणि त्याला शोभतील असे सर्वांना सोमवार आणि शुक्रवार दिले होते. म्हणजे मंगळवारी चाळीस खुर्च्यांवर साठ माणसं! कारण सोयीचं लिहिलं की दिवसही सोयीचे पडतात आणि हिशेब फसतो. दगदग हे कारण असेल तर घरी राहणं ही सवलत ठरते, हवी त्याने घ्यावी, नको त्याने ऑफिसात यावं. जागा हे कारण असेल तर ते बंधन होतं, नेमून दिलेल्या दिवशी यायचं नाही. एकच नियम, पण कारणागणिक त्याचा अर्थ उलटतो. म्हणून कारण ही प्रस्तावना नव्हे, तो नियमाचाच भाग आहे. वाद होईल म्हणून ते लपवलं तर वाद टळत नाही, सोडलेल्या हॉलचं कुलूप दिसेपर्यंत लांबतो एवढंच.

खरं कारण लिहिल्यावर वेळापत्रक आपोआप सुटलं. बारा-बारांचे पाच गट केले. रोज दोन गट घरी, म्हणजे २४ माणसं, ऑफिसात ३६. प्रत्येक गटाला आठवड्यात दोन दिवस मिळाले आणि रोज चार खुर्च्या मोकळ्या राहिल्या. या चार खुर्च्यांवरच माझा दुसरा मुद्दा बसला आहे.

अपवाद म्हटलं की ऑफिसला एकाच बाजूचे सुचतात : ज्यांचं काम घरी नेता येत नाही ते. रिसेप्शन, रोकड, डाक उघडून स्कॅन करणारं टेबल. हे लिहायलाच हवेत. पण दुसरी बाजूही आहे. काहींच्या घरी काम नेता येत नाही. एका खोलीत पाच माणसं, मेसमध्ये तिघांत मिळून एक टेबल, पावसाबरोबर जाणारी वीज. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाउनमुळे सगळे घरून काम करत असताना अम्फान आलं आणि कोलकात्याच्या कित्येक वस्त्यांत वीज, इंटरनेट काही दिवस परतलंच नाही. घर हे ऑफिस नव्हे, हा धडा हे शहर तेव्हाच शिकलं आहे. अशा माणसाला आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात येऊ द्यायचं तर दोन जादा खुर्ची-दिवस लागतात. आमच्याकडे आठवड्याला मोकळे वीस. म्हणजे दर गटातून दोघे, एकूण दहा जण सामावतात. ही मर्यादा घोषणेत लिहिली आणि अर्जाची तारीख दिली, की वशिल्याला जागा उरत नाही. वशिला चालतो तो न लिहिलेल्या अपवादांवर.

एक बाब तर मुळात अपवादही नाही. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार, कामाचं स्वरूप तसं असेल तर प्रसूती रजेनंतर मालक आणि कर्मचारी मिळून ठरवतील त्या अटींवर घरून काम करता येत होतं. अशा बाईला दोन दिवसांच्या चौकटीत कोंबायचं कारण नाही. तिचं वेगळं ठरवावं आणि तसं घोषणेत लिहावं.

राहिली तारीख. ‘उद्यापासून’ ऐकायला उदार वाटतं, पण टेबलावरचा डेस्कटॉप उद्या घरी जात नाही. लॅपटॉप वाटायचे, व्हीपीएन प्रत्येकाच्या घरून चालवून पाहायचं, गाडीवाल्याच्या फेऱ्या बदलायच्या, कॅन्टीनला जेवणाचा नवा आकडा द्यायचा. शिवाय पाळीच्या किंवा कामाच्या वेळाही बदलणार असतील, तर कामगार या व्याख्येत येणाऱ्यांसाठी औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-अ २१ दिवसांची नोटीस मागत होतं. आमच्या वेळा बदलत नव्हत्या, तरी तेवढा अवधी मला रास्त वाटला. १३ ऑक्टोबरला घोषणा आणि सोमवार, ३ नोव्हेंबरला सुरुवात. मध्ये कालीपूजा, भाईफोटा, छठ, जगद्धात्री पूजा सगळं उरकतं. सणाच्या आठवड्यात सुरू केलेल्या नियमाची पहिली परीक्षा सुट्ट्यांमध्येच विरघळते.

शेवटी गेलेला मजकूर असा होता :

‘एक हॉल सोडत असल्याने ३ नोव्हेंबर २०२५ पासून प्रत्येक गट आठवड्यातून दोन दिवस घरून काम करील. गट आणि वार सोबतच्या तक्त्यात आहेत. त्या दिवशी ऑफिसात जागा नसेल. रिसेप्शन, रोकड, डाक यांना हे लागू नाही. घरी सोय नसलेल्यांनी २४ ऑक्टोबरपर्यंत कळवावे. दर गटात दोन जागा आहेत. प्रसूती रजेवरून परतणाऱ्यांशी वेगळे ठरवले जाईल. घरची वीज किंवा नेट तासाभराहून अधिक गेल्यास गटप्रमुखाला कळवावे. रजा कापली जाणार नाही. ही व्यवस्था ३० जानेवारी २०२६ पर्यंत आहे, त्याआधी फेरविचार होईल.’

मोजून दहा वाक्यं. एका ओळीचा आग्रह धरणाऱ्यांना एवढंच विचारावं : यातलं कुठलं वाक्य गाळलं तर कोणाचाच फोन येणार नाही? मला ते सापडलं नाही. आणि ‘पुढील सूचनेपर्यंत’ लिहिणाऱ्याने निदान ती पुढची सूचना कोणत्या तारखेला काढायची, हे स्वतःच्या डायरीत तरी लिहून ठेवावं. मी लिहिलं नव्हतं.