आपल्या दुकानाचं नाव लोक कसं लिहितात?

धार-देवासमध्ये फराळ, मसाले किंवा बाघ प्रिंटचं कापड विकणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. आपल्या दुकानाबद्दल कुणी काही लिहिलं की ते आपल्याला कळावं म्हणून गूगल अलर्ट लावताना केवळ पाटीवरचं नाव घालून थांबू नका. इथे एकच नाव मराठी माणूस एका तऱ्हेने लिहितो आणि हिंदी माणूस दुसऱ्या. या दोन्ही शहरांच्या राजघराण्याचंच पाहा: कुठे पवार, कुठे पंवार, इंग्रजीत कधी Puar तर कधी Pawar. यातलं एकच शोधणाऱ्याला बाकीचं दिसत नाही.

समजा, देवासमध्ये तुमचा ‘ज्ञानदा गृहउद्योग’ आहे आणि तुम्ही चकली, भाजणी, गोडा मसाला विकता. पाटीवर तुम्ही Dnyanada लिहिलंत. हिंदी ग्राहक मात्र ‘ग्यानदा’ म्हणतो आणि Gyanda किंवा Gyanada असं टाइप करतो. ही रूपं डोक्याने रचत बसू नका, ती तुमच्याकडे आधीच आलेली असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, कुरिअरच्या चिठ्ठ्या आणि पैसे पाठवताना लोकांनी लिहिलेली टीप चाळा. गूगलवर दुकानाची नोंद असेल, तर तिच्या ‘परफॉर्मन्स’ भागात लोक काय शोधून तुमच्यापर्यंत पोहोचले तेही दिसतं. ही सगळी रूपं वहीत उतरवून घ्या.

मग google.com/alerts उघडा आणि रोमन लिपीसाठी एक अलर्ट करा:

```
("Dnyanada" OR "Gyanada" OR "Gyanda") (Dewas OR Devas OR chakli OR chakali)
```

देवनागरीसाठी दुसरा, वेगळा अलर्ट करा:

```
("ज्ञानदा" OR "ग्यानदा" OR "ज्ञानदाची" OR "ज्ञानदाच्या" OR "ज्ञानदाला" OR "ज्ञानदाने") (देवास OR देवासच्या OR चकली OR भाजणी)
```

दुसऱ्या ओळीत ‘ज्ञानदाच्या’, ‘ज्ञानदाला’ कशासाठी, हे समजून घ्या, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. हिंदीत ‘ज्ञानदा की चकली’ लिहितात. तिथे नाव सुटं राहतं, म्हणून सापडतं. मराठीत प्रत्यय नावाला चिकटतो आणि ‘ज्ञानदाची’ हा एक वेगळाच शब्द होतो. अवतरणचिन्हांतला शब्द गूगल जसाच्या तसा शोधतं. म्हणजे केवळ ‘ज्ञानदा’ घातलंत, तर हिंदी मजकूर मिळेल आणि आपल्याच मराठी माणसाने केलेलं कौतुक निसटेल.

शेवटच्या कंसात गाव आणि पदार्थ घातले आहेत ते गाळणीसाठी. ज्ञानदा हे मुलींचं नाव आहे, त्यामुळे एकटं शोधलंत तर अभिनेत्रींच्या बातम्यांचा ढीग येईल. धारच्या दुकानदारांना ही काळजी जास्त घ्यावी लागेल. ‘धार’ सुरीलाही असते आणि Dhar हे काश्मिरी आडनावही आहे. तिथे गावाच्या नावावर विसंबू नका, मालाचं नाव जोडा. बाघ प्रिंट असेल तर Bagh, Baag, बाघ आणि बाग ही सगळी रूपं घ्या, पण त्यांच्याबरोबर ‘प्रिंट’ हा शब्द ठेवाच, नाहीतर वाघांच्या आणि बगिच्यांच्या बातम्या येतील.

आता पर्याय उघडा. भाषा ‘कोणतीही’ ठेवा. इंग्रजी राहिली तर देवनागरीचा अलर्ट बहुधा गप्पच बसेल. प्रदेशही ‘कोणताही’ ठेवा, कारण तुमचा ग्राहक पुण्यात किंवा परदेशातही असू शकतो. ‘सर्वोत्तम निकाल’ऐवजी ‘सर्व निकाल’ निवडा. छोट्या दुकानाचा उल्लेख सर्वोत्तमांत क्वचितच येतो. दिवसातून एक मेल पुरे.

अलर्ट नीट लागला का, हे तपासता येतं. तीच ओळ साध्या गूगलमध्ये टाका. तुमच्या दुकानाचा उल्लेख असलेलं जे पान तुम्हाला ठाऊक आहे, ते तिथेही येत नसेल, तर त्या पानावर नाव कसं लिहिलंय ते पाहा आणि ते रूप ओळीत घाला. पान मुळात गूगलने नोंदवलेलंच नसेल, तर शब्द बदलून उपयोग नाही.

या अलर्टला व्हॉट्सअ‍ॅपचे गट आणि फेसबुकचे बंद गट दिसत नाहीत, इन्स्टाग्रामवरचंही फारसं हाती लागत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या शोधात वहीतलं एकेक रूप हाताने टाका. गूगल मॅपवरच्या अभिप्रायांची सूचना दुकानाच्या नोंदीतूनच वेगळी चालू करा.

तक्रार सापडली, तर ग्राहकाने नाव चुकीचं लिहिलं म्हणून त्याला टोकू नका. त्याने लिहिलेलं रूप आधी वहीत घ्या, मग त्याच्या चकलीचं काय झालं ते विचारा आणि त्याच दिवशी उत्तर द्या.