घरं बघायला निघताना क्रम आपणच लावावा



मुलगा आणि सून यांच्यासाठी जुना, म्हणजे रीसेलचा टू बीएचके बघत होतो. आम्ही बिबवेवाडीत राहतो, मुलाचं ऑफिस हिंजवडीला. म्हणून बायपास धरून जाता येईल असा पट्टा निवडला: कात्रज, धायरी, वारजे, कर्वेनगर आणि सिंहगड रस्त्यावरचं आनंदनगर. पाच घरं, एक शनिवार, एक एजंट. एजंटभाऊ म्हणाले, "काकू, टायमिंग माझ्यावर सोडा." पहिल्या खेपेला सोडलं. दुसऱ्या खेपेला नाही सोडलं, आणि तेच आज सांगायचंय.

पहिल्या खेपेचा त्यांचा क्रम असा होता: आधी वारजे, मग कात्रज, मग कर्वेनगर, मग धायरी आणि शेवटी आनंदनगर. पुण्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा म्हणजे कळेल, पश्चिमेला जाऊन परत दक्षिणेला, पुन्हा नदीपलीकडे, पुन्हा अलीकडे. तीन घरं होईपर्यंत दुपारचे तीन वाजले. चौथ्या घराच्या मालकीणबाई बाहेर निघून गेल्या होत्या, पाचवं राहूनच गेलं. परतीला सूर्य मावळला आणि सासूबाईंचं व माझं जेवण त्या दिवशी झालंच नाही. एजंटने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पाचही घरं त्यांच्याकडची नव्हतीच. दोन घरं दुसऱ्या एजंटांची, किल्ल्या त्यांच्याकडे. तो जेव्हा मोकळा, तेव्हा आपली वेळ. त्यांचा क्रम किल्लीवाल्यांच्या सोयीने लागतो, आपल्या रस्त्याच्या नाही. म्हणून एजंटला पहिला प्रश्न भाव किती हा न विचारता किल्ली कोणाकडे आहे हा विचारावा, असं माझं मत झालंय.

दुसऱ्या वेळी मी पाचही घरांपुढे वहीत लिहून घेतलं. कात्रजच्या घरात मालक स्वतः राहतात, सकाळी दहाला या म्हणाले. धायरीचं रिकामं, किल्ली वॉचमनकडे. वारजेच्या घरात भाडेकरू, त्याची रात्रपाळी, म्हणून साडेबाराच्या आधी नको. कर्वेनगरचं रिकामं, किल्ली आमच्याच एजंटकडे. आनंदनगरच्या आजी दुपारी झोपतात, साडेतीनला या. म्हणजे तीन खुंट्या घट्ट आणि दोन घरं सुटी. आधी खुंट्या ठोकायच्या, सुटी घरं मध्ये बसवायची.

मग अंतर. इथे आपण बायका एक चूक करतो, मीही केली. नकाशावर जवळ दिसलं की जवळ समजतो. कर्वेनगर आणि आनंदनगरचा पट्टा समोरासमोर दिसतो, पण मध्ये मुठा नदी आहे आणि आम्हाला जायचं होतं ते राजाराम पुलावरून. बायपासवर तर त्याहून वाईट, नवले पुलापाशी योग्य ठिकाणी सर्व्हिस रोडला उतरलं नाही की वळून यायला बराच पुढे जावं लागतं. म्हणून किलोमीटर सोडून मिनिटं मोजायची. मी आदल्या शनिवारी, ज्या वेळी निघायचं त्याच वेळी, मोबाईलवर एकेक टप्पा बघून ठेवला. नकाशात सगळे थांबे एकदम घातले तर तो आपण दिलेल्या क्रमानेच नेतो, क्रम सुधारून देत नाही. ते काम आपलं.

घरून कात्रज 20 मिनिटं, तिथून बायपासने धायरी 25, धायरी ते वारजे 25, वारजे ते कर्वेनगर 15, राजाराम पुलावरून आनंदनगर 15 आणि तिथून घर 30. एकूण 130 मिनिटं, एक गोल फेरी. एजंटच्या क्रमाची मिनिटं तशीच मांडली तर 195 आली. तासाभराहून थोडा जास्त फरक, आणि पेट्रोल वेगळं. उलट दिशेने फिरलो असतो तरी मिनिटं तेवढीच, पण कात्रजचे दहा आणि आजींचे साडेतीन त्यात बसत नव्हते. दिशा खुंट्यांनी ठरवली.

एका घराला मी 40 मिनिटं धरली. यातली दहा तर गेटवरच जातात. रजिस्टरमध्ये नाव, वॉचमनचा इंटरकॉम, लिफ्ट. वीस-पंचवीस मिनिटं घर आणि उरलेल्यात खाली येऊन वहीत दोन ओळी. त्या तिथल्या तिथेच लिहायच्या, नाहीतर तिसऱ्या घरानंतर कोणतं स्वयंपाकघर कोणाचं हे आठवत नाही. माझ्या मते एका दिवसात पाच ही हद्द झाली.

तर साडेनऊला निघालो. दहाला कात्रज, सव्वाअकराला धायरी, साडेबाराला वारजे, मग तिथेच गाडीत दशम्या आणि कोरडी भाजी, सव्वादोनला कर्वेनगर, साडेतीनला आनंदनगर, पावणेपाचला घर. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे जेवायला तासभर शिल्लक. पण खरं सांगायचं तर लवकर परतण्याचं कारण तेवढंच नाही. संध्याकाळी बघितलेल्या घरात उजेड कसा येतो ते कळतच नाही, सगळे दिवे लावून ठेवलेले असतात.

कात्रजचे मालक भारी बोलके. फर्निचर कोणत्या सुताराकडून केलं इथपासून सुरुवात. तिथेच पंचवीस मिनिटं उशीर झाला. मागच्या वेळेसारखा सगळा दिवस ढासळला असता. पण पुढचं धायरीचं घर सुटं होतं. तिथे कोणी वाट बघत नव्हतं. अकरा चाळीसला पोचलो, अर्ध्या तासात आटोपलं आणि वारजेला बारा पस्तीसला दारात. भाडेकरूला धायरीहून निघतानाच फोन केला होता. एक खुंटी, एक सुटं, एक खुंटी असा क्रम पडला की सुटं घर उशीर पोटात घेतं. दोन ठरलेल्या वेळा लागोपाठ आल्या असत्या तर हे जमलं नसतं.

यजमानांचं म्हणणं होतं, सगळ्यात आवडेल असं वाटतं ते घर शेवटी ठेव. मला पटत नाही. फोटो बघून जे आवडलेलं असतं तेच खरं आवडेल याची काय खात्री? आणि त्यासाठी फेरी मोडायची, मग शेवटच्या घरी पाय ओढत जायचं.

वारजेहून निघताना एजंटभाऊंनी सहावं काढलंच. "काकू, नऱ्हेत एक आहे, वाटेतच." वाटेत म्हणजे किती मिनिटं, असं विचारलं तर गप्प. कारण नऱ्हे आम्ही मागे टाकून आलो होतो, जाऊन-येऊन तास गेला असता आणि आजी साडेतीनला वाट बघणार होत्या. "ते रविवारी बघू," म्हटलं. थोडे फुगले, पण कर्वेनगरच्या किल्लीचं पाकीट मात्र गाडीत विसरले नाहीत.

त्या रविवारी नऱ्हेचं घर बघितलं. आणि येताना कर्वेनगरचं दुसऱ्यांदा, यावेळी जेवण उरकून रात्री आठला, पार्किंगमध्ये गाड्या कशा लागतात ते बघायला.